कोणाच्या पंचांगातली सुट्टी?

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या सुट्ट्या वर्षाला ११. त्यात धार्मिक सण एकच, नाताळ. बाकीच्या सुट्ट्या नववर्ष, स्वातंत्र्यदिन, कामगार दिन अशा. गणेश चतुर्थी, दिवाळी, ईद, योम किप्पूर यांपैकी काहीही त्या यादीत नाही.

भारतातून नवीन आलेल्या माणसाला पुढची गोष्ट कळायला थोडा वेळ लागतो. ही ११ दिवसांची यादीसुद्धा खाजगी कंपनीवर बंधनकारक नाही. नाताळला सुट्टी द्या, असं खाजगी मालकाला सांगणारा केंद्राचा कायदा नाही. भरपगारी रजा दिलीच पाहिजे असं सांगणाराही नाही. कंपन्या देतात ती रीत म्हणून आणि माणसं टिकावीत म्हणून. त्यामुळे ‘आमच्या सणाची सुट्टी इथे नाही’ ही तक्रार कायद्याच्या भाषेत मांडताच येत नाही, कारण कायद्याने सुट्टी कोणाच्याच सणाला दिलेली नाही.

मग गणपतीच्या दिवशी सुट्टी मागायला मॅनेजरकडे जातो, तेव्हा आपण नक्की काय मागत असतो? मेहेरबानी की हक्क? मी न्यू जर्सीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि हा प्रश्न माझ्या आसपास दर भाद्रपदात निघतो. बहुतेक जण उत्तर न शोधता सरळ ‘पर्सनल डे’ टाकून मोकळे होतात. पण उत्तर आहे, आणि त्याला साठेक वर्षांचा इतिहास आहे. तो घडवला विमान कंपनीतल्या एका क्लार्कने, टायपिंग शिकवणाऱ्या एका शिक्षकाने आणि एका पोस्टमनने. या तिघांनी मिळून कायद्यातल्या दोन शब्दांचा अर्थ ठरवला. ते शब्द आहेत ‘अनड्यू हार्डशिप’, म्हणजे अवाजवी अडचण.

दोन शब्द आले कुठून

१९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने, ज्याला सगळे ‘टायटल सेव्हन’ म्हणतात, नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला बंदी घातली. पण भेदभाव म्हणजे काय? एखाद्याला ज्यू आहे म्हणून कामावर न घेणं हा भेदभाव, हे उघड आहे. शनिवारी सगळ्यांनीच यायचं असा नियम केला आणि शनिवारी काम न करणारा ज्यू त्यामुळे बाहेर पडला, तर? नियम सगळ्यांना सारखाच आहे. मग यात भेदभाव कुठे आला?

न्यायालयांना हा प्रश्न झेपत नव्हता. रविवारी ओव्हरटाइम करायला नकार देणाऱ्या एका कारखाना कामगाराची केस १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथे चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ यांनी १९७२मध्ये तो हातात घेतला. ते स्वतः ‘सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट’ होते, म्हणजे शनिवार पवित्र मानणाऱ्या एका छोट्या ख्रिस्ती पंथाचे. बहुसंख्यांच्या धर्मात असूनही बहुसंख्यांच्या कॅलेंडरबाहेर राहणं म्हणजे काय, हे त्यांना घरातूनच माहीत होतं. त्यांनी आणलेल्या दुरुस्तीचा मथितार्थ असा: धर्म म्हणजे श्रद्धा आणि आचरण दोन्ही. कर्मचाऱ्याच्या आचरणासाठी मालकाने वाजवी सोय केली पाहिजे. धंद्याला अवाजवी अडचण होत असेल, तरच त्यातून सुटका.

यात ओझं कोणावर पडतं ते बघा. अडचण आहे हे मालकाने दाखवायचं आहे. तुम्ही मागायचं, आणि नाही म्हणायचं असेल तर त्याने कारण द्यायचं. पण ‘अवाजवी’ म्हणजे किती, हे कायद्याने लिहिलं नाही. पुढची एक्कावन्न वर्षं भांडण त्यावरच झालं.

दीडशे डॉलर

लॅरी हार्डिसन १९६७मध्ये कॅन्सस सिटीत टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या दुरुस्ती तळावर क्लार्क म्हणून लागला. सुट्या भागांचं कोठार सांभाळायचं काम होतं. विमानं थांबत नाहीत, त्यामुळे कोठार वर्षाचे ३६५ दिवस, २४ तास उघडं असायचं. पुढच्या वर्षी तो ‘वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड’ या पंथाकडे वळला. हे लोक तेव्हा शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम करत नसत. शिवाय त्यांचे सण बायबलच्या जुन्या करारातले, ज्यूंच्या पंचांगाप्रमाणे येणारे. ते पंचांग आपल्यासारखंच चंद्रावर चालतं आणि आपल्यासारखाच त्यात अधिक महिना येतो. म्हणून सणाची तारीख दरवर्षी सरकते.

सुरुवातीला मार्ग निघाला. इतर कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या सणांना हार्डिसनने कामावर यायचं आणि शक्य असेल तेव्हा त्याच्या सणांना त्याला सुट्टी मिळायची, असं ठरलं. आजही कित्येक टीममध्ये ‘मी नाताळात ड्यूटी करतो, तू माझी दिवाळी सांभाळ’ असं ठरतं. तीच ही देवाणघेवाण.

गाडं अडलं ते दर आठवड्याच्या शनिवारावर. हार्डिसनने दुसऱ्या इमारतीत बदली घेतली. तिथल्या ज्येष्ठतेच्या यादीत तो खालून दुसरा होता. शनिवारची सुट्टी आधी जुन्या लोकांना मिळायची. एक सहकारी रजेवर गेला आणि शनिवार हार्डिसनच्या गळ्यात पडला. तो आला नाही. कंपनीने त्याला काढून टाकलं.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्येष्ठतेचा करार मोडून दुसऱ्याचा शनिवार हिसकावता येणार नाही, हे एक कारण होतं आणि ते बहुतेकांना पटण्यासारखं आहे. पण निकालात जाता जाता आणखी एक वाक्य आलं. हार्डिसनच्या सोयीसाठी कंपनीला ‘डी मिनिमिस’पेक्षा जास्त खर्च करायला लावणं ही अवाजवी अडचण आहे, असं ते वाक्य. डी मिनिमिस हा लॅटिन शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ क्षुल्लक, दखल घेण्याच्या लायकीचं नसलेलं.

अडचण मोजायची फूटपट्टीच त्या वाक्याने बदलली. क्षुल्लकपेक्षा थोडं जास्त म्हणजे अवाजवी! विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी हिशोब मांडला. हार्डिसनला जुन्या इमारतीत परत जाता येईपर्यंत तीन महिने शनिवारी दुसऱ्याला ओव्हरटाइम दिला असता, तर खर्च दीडशे डॉलर झाला असता. एका मोठ्या विमान कंपनीला दीडशे डॉलर झेपत नाहीत, असा त्या निकालाचा अर्थ निघत होता.

त्यानंतर खालच्या न्यायालयांत मालकांना फार कष्ट पडेनात. थोडा ओव्हरटाइम, थोडी गैरसोय, सहकाऱ्यांची थोडी कुरकुर दाखवली की बहुतेक वेळा पुरायचं.

टायपिंगचे मास्तर

हार्डिसनची लढाई दर आठवड्याच्या दिवसाची होती. आपल्यासारखी, वर्षातल्या मोजक्या सणांची केस आली ती १९८६मध्ये. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटते ती हीच.

रोनाल्ड फिलब्रुक कनेक्टिकट राज्यातल्या अँसोनिया गावात शाळामास्तर होते. १९६२पासून हायस्कूलमध्ये टायपिंग आणि वाणिज्य शिकवायचे. १९६८मध्ये त्यांनीही हार्डिसनचाच पंथ स्वीकारला. वर्षातले साधारण सहा पवित्र दिवस शाळेच्या दिवशी यायचे आणि त्या दिवशी काम निषिद्ध होतं.

शिक्षकांच्या करारात धार्मिक सणांसाठी तीन भरपगारी दिवस होते. म्हणजे सहांपैकी तीन सुटले. उरलेल्या तिनांचं काय? करारात आणखी एक कप्पा होता, ‘आवश्यक वैयक्तिक काम’. त्यातही तीन दिवस मिळायचे. तीन आणि तीन सहा, हिशोब जुळत होता. पण त्या दुसऱ्या कप्प्यावर अट होती की धार्मिक कारणासाठी तो वापरायचा नाही, कारण धर्माचे दिवस वेगळे दिलेलेच आहेत.

मग मास्तरांनी काय केलं? बरीच वर्षं उरलेल्या दिवशी बिनपगारी घरी राहिले. पुढे दवाखान्यातल्या भेटी सणाच्या दिवशी येतील अशा ठरवल्या. काही वेळा सणाच्या दिवशीही वर्गावर गेले. सण करायला आजारपणाचं निमित्त शोधावं लागणं आपल्याला अनोळखी नाही. ‘डोकं दुखतंय’ असा सकाळी सातला मेसेज टाकून मोदक वळायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मास्तरांनी शाळा मंडळापुढे दोन पर्याय ठेवले. एक, वैयक्तिक कामाचे तीन दिवस मला सणासाठी वापरू द्या. दोन, ते जमत नसेल तर माझ्या जागी येणाऱ्या बदली शिक्षकाचा पगार मी माझ्या खिशातून देतो, बुडालेलं काम जादा वेळ देऊन भरून काढतो, फक्त माझा त्या दिवसाचा पगार कापू नका.

दुसऱ्या पर्यायातला हिशोब निकालात नोंदलेला आहे. १९८४मध्ये बदली शिक्षक दिवसाला ३० डॉलरला मिळायचा. मास्तरांचा एक दिवस कापला की जायचे १३०हून जास्त. तीन दिवसांना बदलीचे ९० डॉलर मास्तर स्वतः भरणार होते, तर पगारकपातीत त्यांचे ३९०च्या वर जायचे. मास्तर शाळेला काहीही फुकट मागत नव्हते. तरी मंडळाने दोन्ही पर्याय नाकारले.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दोन भागांत वाचावा लागतो. पहिला भाग मास्तरांच्या विरुद्ध गेला. मालकाने एक वाजवी सोय केली की त्याचं कर्तव्य संपलं. कर्मचाऱ्याला आवडलेलीच सोय दिली पाहिजे असं नाही, आणि तुमचा पर्याय मला का झेपत नाही हे सिद्ध करत बसायचीही गरज नाही. बिनपगारी रजा हीसुद्धा वाजवी सोय असू शकते. दिवस मिळेल, पण त्याचे पैसे मिळतीलच असं नाही.

दुसऱ्या भागात मात्र न्यायालयाने एक रेघ ओढली. भरपगारी रजा बाकी सगळ्या कारणांना मिळते आणि फक्त धर्माच्या कारणाला मिळत नाही, असं असेल, तर बिनपगारी रजा वाजवी ठरत नाही. तो उघड भेदभाव होतो. अँसोनियात ‘वैयक्तिक काम’ या नावाखाली प्रत्यक्षात कशाकशाला रजा दिली जात होती, हे तपासायला केस खाली परत पाठवली.

आपल्या रोजच्या व्यवहारात ही रेघ अशी उतरते. समजा कंपनीत वर्षाला १५ दिवस रजा आहे, लग्नाला, मासेमारीला, फुटबॉलच्या सामन्याला, कशालाही वापरा. अशा कंपनीत ‘सण आहे’ हे कारण सांगितल्यामुळे रजा नाकारता येत नाही. उलट बाजूने, तुमचे १५ दिवस डिसेंबरच्या भारतवारीसाठी राखून सणाचा सोळावा दिवस पगारासकट द्या, असा आग्रह कायदा धरत नाही.

पोस्टमनचा रविवार

क्षुल्लकची फूटपट्टी ४६ वर्षं टिकली. ती मोडली ती ऑनलाइन खरेदीमुळे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

जेराल्ड ग्रॉफ २०१२मध्ये पेनसिल्व्हेनियात ग्रामीण पोस्टमन म्हणून लागला. तो ख्रिस्ती होता आणि रविवार पाळायचा. तेव्हा रविवारी टपाल वाटत नसत, त्यामुळे प्रश्नच नव्हता. २०१३मध्ये टपाल खात्याने अ‍ॅमेझॉनची पार्सलं रविवारी पोचवण्याचा करार केला. ग्रॉफने आधी बदली घेतली, सात जणांच्या एका छोट्या कचेरीत, जिथे रविवारचं काम नव्हतं. २०१७मध्ये ते तिथेही पोचलं. तो रविवारी येत नसल्याने त्याची पार्सलं सहकारी वाटायचे, कधी स्वतः पोस्टमास्तर वाटायचे. त्याला शिक्षेच्या नोटिसा लागत गेल्या आणि २०१९च्या जानेवारीत त्याने राजीनामा दिला.

खालच्या न्यायालयांनी जुन्या फूटपट्टीने खात्याच्या बाजूने कौल दिला. २९ जून २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो बाजूला सारला आणि ग्रॉफची केस नव्या कसोटीवर तपासायला परत पाठवली. नवी कसोटी अशी: त्या विशिष्ट धंद्याचा आकार आणि स्वरूप पाहता, सोय करण्याचा खर्च भरीव प्रमाणात वाढत असेल, तरच ती अवाजवी अडचण.

निकालातल्या आणखी दोन गोष्टी सुट्टी मागणाऱ्याच्या कामाच्या आहेत. पहिली, सहकाऱ्यांना तुमचा धर्म आवडत नाही किंवा धर्मासाठी कोणाला सवलत मिळते हेच खुपतं, ही अडचण म्हणून मोजायची नाही. सहकाऱ्यांवर पडणारा भार मोजता येतो, पण तोही धंद्याच्या कामावर परिणाम होण्याइतका असेल तरच. दुसरी, ‘दुसऱ्याला जबरदस्तीने ओव्हरटाइम द्यावा लागेल’ एवढं म्हणून मालकाला थांबता येत नाही. स्वेच्छेने पाळ्यांची अदलाबदल होईल का, असे इतर मार्गही त्याने पाहायला हवेत.

एक अर्ज, तपशिलासकट

आता हे सगळं एका साध्या अर्जाला लावून पाहू. २०२५ची गणेश चतुर्थी घेऊ, कारण तिने अमेरिकेतल्या मराठी घरांत चांगलाच घोळ घातला होता.

महाराष्ट्रात चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. तिथी भारतीय वेळेनुसार २६ला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ला दुपारी पावणेचारच्या सुमारास संपली. न्यू जर्सी तेव्हा भारताच्या साडेनऊ तास मागे असते. म्हणजे आमच्याकडे तिथी २६ला पहाटे साडेचारच्या आसपास लागली आणि २७ला उजाडता उजाडता संपली. गणपतीची स्थापना माध्यान्ही चतुर्थी असलेल्या दिवशी करतात. तो नियम इथल्या सूर्याला लावला तर आमची चतुर्थी मंगळवारी, २६ला आली. काही घरांनी ती धरली. काहींनी ‘आई तिकडे ज्या दिवशी बसवते त्या दिवशी’ म्हणून २७ धरली. मंडळांचे कार्यक्रम नेहमीप्रमाणे शनिवार-रविवारी झाले.

आता मॅनेजरने विचारलं की तुमच्या टीममधला दुसरा मराठी माणूस काल घरी होता, मग तुमचा सण आज कसा? किंवा, मंडळाचा गणपती शनिवारी आहे, मग बुधवार कशाला? या प्रश्नाचंही उत्तर न्यायालयाने एका वेगळ्या केसमध्ये देऊन ठेवलं आहे. १९८१च्या त्या निकालातल्या यहोवाज विटनेस पंथाच्या एका कामगाराने रणगाड्यांचे भाग बनवायला नकार देऊन नोकरी सोडली होती. त्याच पंथाचा दुसरा कामगार म्हणत होता की असं काम करायला धर्माची हरकत नाही. प्रश्न बेकारी भत्त्याचा होता, पण न्यायालय जे म्हणाले ते व्यापक आहे: एका धर्मातल्या दोघांत कोणाचा अर्थ बरोबर, हे न्यायाधीश ठरवणार नाहीत. श्रद्धा प्रामाणिक आहे का, एवढंच पाहायचं. धर्माने सक्ती केलेली नसली तरी आचरणाला संरक्षण मिळतं, हेही आता स्थिर झालेलं आहे. त्यामुळे २६ की २७ याचा निवाडा मॅनेजरने करायचा नाही. घरचा दीड दिवसाचा गणपतीही पुरेसा असतो.

माझ्या टीममध्ये ऑन-कॉलची पाळी आठवड्याची असते. सर्व्हर रात्री तीनला पडला तरी फोन ज्याची पाळी त्याला जातो. माझी पाळी नेमकी त्याच आठवड्यात येत होती. पाळ्यांचं वेळापत्रक लागलं तेव्हा, महिनाभर आधी, मी लिहिलेल्या मेलचा आशय असा होता:

“२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी हा आमचा धार्मिक सण आहे. त्या दिवशी मी घरी पूजा करतो. मला पूर्ण दिवस सुट्टी हवी आहे आणि मंगळवार संध्याकाळपासून गुरुवार सकाळपर्यंत ऑन-कॉलमधून मोकळीक हवी आहे. एक सहकारी हे दोन दिवस घ्यायला तयार आहे. त्याबदल्यात मी त्याचे २४ आणि २५ डिसेंबर घेईन. दिवस माझ्या रजेतून कापावा.”

यात प्रत्येक वाक्याला काम आहे. ‘धार्मिक’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. ‘घरी कार्यक्रम आहे’ असं लिहिलं तर ती साधी रजा होते आणि मॅनेजरला ती कामाच्या गर्दीचं कारण देऊन नाकारायला मोकळीक राहते. टायटल सेव्हनचं नाव घ्यायची किंवा ठरावीक फॉर्म भरायची गरज नसते, पण कारण धर्माचं आहे हे समोरच्याला कळलं पाहिजे. तारीख आणि तास नेमके दिले म्हणजे अडचण मोजता येते. अदलाबदलीची तयारी आधीच लिहिली की ‘कोणी नाही’ हे उत्तर उरत नाही. आणि रजा कापा म्हटल्यावर प्रश्न पैशाचा राहत नाही. फिलब्रुक मास्तरांचा धडा तोच आहे. दिवस तासाभरात मंजूर झाला.

तो नाकारला गेला असता तर? मग एका ओळीत विचारायचं: कशामुळे अडचण होते, आणि दुसरी कुठली सोय होऊ शकेल? खरी अडचण असेल तर ती तपशिलात सांगता येते. उदाहरणार्थ, त्याच रात्री ग्राहकाचा डेटा एका सिस्टममधून दुसरीत हलवायचा आहे आणि ते काम करू शकणारी तुम्ही एकटीच आहात, दुसऱ्याला शिकवायला आठवडे लागतील. असं असेल तर नकार टिकू शकतो. ‘सगळ्यांनीच मागितलं तर काय करायचं’, ‘टीमला आवडणार नाही’, ‘आपल्या पॉलिसीत बसत नाही’ ही उत्तरं तपशिलात सांगता येत नाहीत. अदलाबदल होईल का हे कोणाला विचारलंच नसेल, तर अडचण मोजलेलीच नाही असं समजायचं.

एच-वन-बी व्हिसावरच्या मित्रांना आणखी एक भीती असते: बिनपगारी दिवस घेतला तर व्हिसाला धक्का लागेल का? काम नाही म्हणून कंपनीने बसवून ठेवलं, तर तिला पगार द्यावाच लागतो. कर्मचाऱ्याने स्वतःच्या कारणासाठी स्वतः मागितलेली रजा बिनपगारी असू शकते, तशी सोय नियमांत आहे. म्हणूनही मागणी लेखी हवी. कोणी मागितलं होतं, हे नंतर कागदावर दिसतं.

मर्यादाही माहीत हव्यात. टायटल सेव्हन १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांनाच लागू होतं. दहा जणांच्या स्टार्टअपमध्ये राज्याचा कायदा काय म्हणतो ते पाहावं लागतं. तक्रार करायची वेळ आली तर समान रोजगार संधी आयोगाकडे सहसा १८० दिवसांत, आणि राज्याची स्वतःची तशी यंत्रणा असेल तिथे ३०० दिवसांत जावं लागतं. एका दिवसाच्या सुट्टीसाठी कोणी तिथवर जात नाही. पण मॅनेजरमागे बसलेल्या एचआरला हे आकडे पाठ असतात, आणि मेलमधल्या ‘धार्मिक’ या शब्दाचं वजन तिथे कळतं.

कॅलेंडरवर नाव आलं म्हणजे

अलीकडे दुसऱ्या बाजूनेही हालचाल आहे. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळा १ नोव्हेंबर २०२४ला पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाने दिवाळीला राज्याचा सण म्हणून मान्यता दिली, पण कचेऱ्या किंवा शाळा बंद ठेवणं त्यात नाही. या बातम्या फॅमिली ग्रुपवर फिरतात तेव्हा ‘आता सुट्टी मिळणार’ असं वाटतं. शाळा बंद राहिल्याने मुलं घरी राहतात. आई-बाबांच्या कंपनीवर त्याने कुठलंही बंधन येत नाही. त्यांना मेल लिहावाच लागतो.

आणि सगळ्यांच्या सणांची यादी करायची म्हटलं तर ती पुरी कधी होणार? २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे चतुर्थी २७ ऑगस्टवरून थेट १४ सप्टेंबरवर, सोमवारी जाते. छापील यादीत असे सरकणारे दिवस बसवणं कठीण असतं. यादीत नसलेल्या प्रत्येकाला मागता यावं आणि नकाराला कारण द्यावं लागावं, हा रँडॉल्फ यांचा मार्ग त्याहून लवचीक आहे.

तो मार्ग चालण्याजोगा ठेवायला हार्डिसनने नोकरी गमावली, ग्रॉफने राजीनामा दिला आणि टायपिंगच्या मास्तरांनी स्वतःच्या बदलीचे तीस डॉलर द्यायची तयारी दाखवूनही कित्येक वर्षं न्यायालयाची वाट पाहिली. त्यांच्यापैकी कोणाचाही सण आपला नव्हता. आपल्या वाट्याला त्यातला एक मेल येतो. तो डोकेदुखीचं निमित्त न सांगता, सणाचं नाव घेऊन लिहायचा.